धाकट्याची खूण थोरल्याच्या खाली का?

*मॅडम,*

*आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, घरचे चार यंत्रमाग आहेत. मला तीन मुलं. दर दिवाळीच्या पाडव्याला मी तिघांची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलने मांडून ठेवते. थोरला आता 18 पूर्ण, 172 सेंटिमीटर. मधली मुलगी साडेचौदाची, 154. तिचं काही नाही, ती ठीक आहे. काळजी धाकट्याची. तो 12 वर्षे 9 महिन्यांचा, यंदा 144 भरला, गेल्या पाडव्याला 139 होता. दोघा भावांचे वाढदिवस एकाच महिन्यातले, म्हणून थोरल्याची याच वयाची खूण बघितली तर ती 153 वर! त्याचा आवाज मात्र तेव्हाच फुटला होता, याचा अजून नाही. मी 153, मिस्टर 167.*

*सासूबाई म्हणतात, मुलीच्या पाठीवर 21 महिन्यांनी लगेच हा झाला, तुझ्या अंगात काही उरलंच नव्हतं. पण जन्मताना थोरला अडीच किलो होता आणि हा 2 किलो 900 ग्रॅम. मोबाईलवर वाचलं की नंतरची मुलं बुटकीच राहतात. खरं आहे का? माझ्यामुळे झालं का? मिस्टर उंची वाढवायची पावडर आणायची म्हणतात.*

*— एक आई, सोलापूर*

ताई,

तुमच्यामुळे काहीही झालेलं नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं तुम्ही शांतपणे वाचायला हवं. नंतरच्या मुलांची उंची सरासरीने थोडी कमी भरते, हे खरं आहे. पण किती कमी, हे कळलं की तुमच्या चौकटीवरच्या त्या नऊ सेंटिमीटरचा अर्थच बदलतो.

यावरची सगळ्यात भक्कम मोजणी स्वीडनमधली आहे. तिथे सैन्यभरतीसाठी तरुणांची उंची नीट यंत्रावर मोजून नोंदवली जाई. अशा 6,52,518 पुरुषांच्या नोंदी घेऊन 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे सख्ख्या भावांची तुलना सख्ख्या भावांशीच केली: तेच आईवडील, तेच घर. उत्तर असं आलं की पहिल्या मुलापेक्षा दुसरा सरासरी 0.4 सेंटिमीटरने, तिसरा 0.7 ने आणि चौथा 0.8 ने कमी. म्हणजे तिसऱ्या मुलाचा तोटा पाऊण सेंटिमीटरही नाही. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना आपल्याच उंचीत साधारण सेंटिमीटरभर फरक पडतो, कारण दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात. तुमच्या धाकट्याला थोरल्याहून किंचित कमी ठरवणारा जन्मक्रमाचा हिस्सा त्याहूनही लहान आहे.

आता हे शेजारीपाजारी लावून बघा. दोन सख्खे भाऊ एकाच आईबापाचे असले तरी प्रत्येकाच्या वाट्याला वेगवेगळे गुण येतात, त्यामुळे मोठेपणी त्यांच्या उंचीत सरासरी पाच सेंटिमीटरच्या आसपास फरक असतोच, कधी याच्या बाजूने तर कधी त्याच्या. या पाचाच्या हेलकाव्यात पाऊण सेंटिमीटर टाकला, तर शंभर घरांपैकी साधारण पंचावन्न घरांत पहिला मुलगा तिसऱ्यापेक्षा उंच निघेल आणि पंचेचाळीस घरांत तिसराच उंच निघेल. पहिला आणि दुसरा घेतला तर त्रेपन्न आणि सत्तेचाळीस. ‘नंतरची मुलं बुटकीच राहतात’ या वाक्यातला ‘च’ इथेच गळून पडतो. लाखो माणसांच्या सरासरीत दिसणारी गोष्ट एका घरात डोळ्यांना दिसेलच असं नसतं.

मग मोबाईलवर हे एवढं ठळक का लिहिलेलं असतं? याचं कारण समजून घ्या, कारण ही चूक शिकलेली माणसंही करतात. समजा, एका गल्लीत दोनच घरं आहेत. पहिल्या घरात दोन मुलगे, दोघेही मोठेपणी 170 सेंटिमीटर. दुसऱ्या घरात चार मुलगे, चौघेही 164. कुणाच्याही घरात भावाभावांत तसूभर फरक नाही. आता एखाद्याने गल्लीतल्या सगळ्या ‘पहिल्या’ मुलांची सरासरी काढली: 170 आणि 164, म्हणजे 167. ‘दुसऱ्यां’चीही 167. ‘तिसरा’ मात्र एकाच घरात आहे, त्याची 164, चौथ्याचीही 164. कागदावर चित्र दिसतं की तिसरं मूल झालं की उंची तीन सेंटिमीटरने घसरते! प्रत्यक्षात घसरण भावंडांमध्ये नाहीच, ती दोन घरांमध्ये आहे. तिसरं आणि चौथं मूल मुळात मोठ्या कुटुंबातच जन्मतं, आणि मोठी कुटुंबं बहुधा हातावर पोट असलेली असतात. तीच मिळकत, तीच खोली, तेच दूध जास्त तोंडांत वाटलं जातं. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, 1937 ते 1939 या काळात घरोघरचं जेवण आणि मुलांची उंची यांची पाहणी झाली होती. त्या आकड्यांवरून पुढे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की भावंडं वाढतात तशी सगळ्याच मुलांची उंची कमी भरते, आणि याच्या मुळाशी माणशी मिळकत आणि खोल्यांतली गर्दी असते. म्हणून ‘कितवं मूल’ आणि ‘किती मुलांच्या घरातलं मूल’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवायचे. तुमच्या तिघांना मोठ्या कुटुंबाचा तोटा व्हायचा असता तर तो तिघांनाही झाला असता, थोरल्यालासुद्धा. आणि थोरला तर 172 आहे.

तरीही कुणी विचारेल की त्या पाऊण सेंटिमीटरचं तरी कारण काय. इथे एक गंमतशीर उलटापालट आहे आणि ती तुमच्या पत्रातच दिसते. पहिलटकरणीचं बाळ बहुधा वजनाने कमी असतं, नंतरच्या बाळांपेक्षा शंभर ते दोनशे ग्रॅमने. पहिल्या गरोदरपणात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या तेवढ्या मोकळ्या झालेल्या नसतात. एकदा बाळंतपण झालं की पुढच्या वेळी वारेला रक्तपुरवठा जास्त सहज होतो. पण जन्मानंतर पहिलं बाळ ही कसर झपाट्याने भरून काढतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरातल्या बाळांचा जन्मापासून पाठपुरावा केला तेव्हा दिसलं की पहिली बाळं जन्मताना लहान होती, आणि वर्षाची होईपर्यंत त्यांनी नंतरच्या बाळांना वजनात आणि लांबीत मागे टाकलं होतं. म्हणजे जो काही फरक पडतो त्याची सुरुवात पोटात होत नाही, बाहेर आल्यावर पहिल्या वर्षातच होते. कारणं म्हणून दोन गोष्टी पटण्यासारख्या आहेत. घरात एकच मूल असताना त्याला भरवायला चार हात मोकळे असतात, दुसऱ्या-तिसऱ्याला ते मिळत नाहीत. आणि मोठी भावंडं बालवाडीतून सर्दी, खोकला, जुलाब घरी आणतात. पहिल्याला जे आजार तिसऱ्या वर्षी गाठतात ते तिसऱ्याला तिसऱ्या महिन्यात गाठतात. आजारपणात तान्ह्याची वाढ थांबते, बरं झाल्यावर भरून निघते, पण दर वेळी पूर्ण भरतेच असं नाही.

आता आपल्या देशाचं वेगळं सांगते, कारण सासूबाईंचं म्हणणं तिथे येऊन टेकतं. 2017 मध्ये सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. भारत आणि आफ्रिकेतले 25 देश मिळून 1 लाख 68 हजार मुलं त्यात होती. त्यांना दिसलं की आपली पहिली मुलं आफ्रिकेतल्या पहिल्या मुलांपेक्षा कमी नाहीत, उलट उंच आहेत. मागे पडणं दुसऱ्या मुलापासून सुरू होतं आणि पुढे वाढत जातं. त्यांनी याचं कारण थोरल्या मुलग्याच्या ओढीत शोधलं. वंशाचा दिवा, म्हातारपणाची काठी म्हणून घरातलं चांगलं तिकडे जातं. आई पहिल्यांदा गरोदर असताना तपासण्या होतात, लोहाच्या गोळ्या घेतल्या जातात. पुढच्या खेपांना त्या कमी होत जातात. हे शेवटचं मला बाह्यरुग्ण विभागात रोज दिसतं. ‘तिसरं आहे, मला सगळं माहीत आहे’ म्हणून सातव्या महिन्यापर्यंत नाव न नोंदवणाऱ्या बायका काही थोड्या नाहीत.

पण या निष्कर्षावर मोठा आक्षेपही आहे. डीन स्पिअर्स, डायन कॉफी आणि जेरे बेर्मन यांनी दाखवलं की अशा पाहण्यांमध्ये पाच वर्षांखालच्याच मुलांची उंची मोजलेली असते. म्हणजे एकाच घरातली दोन भावंडं त्यात सापडली, तर ती जवळजवळ जन्मलेलीच असणार. जास्त अंतराची भावंडं त्या तुलनेत येतच नाहीत. शिवाय गल्लीतल्या दोन घरांचा जो घोळ वर सांगितला तोही इथे शिरतो. कॉफी आणि स्पिअर्स यांनी पुढे आणखी एक गोष्ट मांडली, ती मला फार महत्त्वाची वाटते: भारतात जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात दगावण्याचा धोका नंतरच्या बाळांना पहिल्यापेक्षा कमी आहे, आणि त्यामागे आईचं वजन आहे. कॉफी यांच्याच 2015 च्या हिशेबाप्रमाणे आपल्याकडे गरोदर राहण्याच्या वेळी 42 टक्के बायका कमी वजनाच्या असतात, आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला 16.5 टक्के. नवी सून घरात सगळ्यांत धाकटी, सगळ्यांचं झाल्यावर जेवणारी. तिचं पहिलं गरोदरपण तिच्या सगळ्यात अशक्त काळात येतं. मुलं झाली, घरात जरा पाय रोवले, स्वयंपाकघर हातात आलं की तिचं वजन वाढतं आणि पुढच्या बाळांना पोटात थोडं जास्त मिळतं.

तुमच्या दोन मुलांची वजनं आता पुन्हा वाचा. थोरला अडीच किलो, धाकटा 2 किलो 900. तुमच्या अंगात काही उरलं नसतं तर धाकटा चारशे ग्रॅमने जड जन्मला असता का? या बाळाला पोटात काही कमी पडलं नव्हतं, याची याहून सरळ साक्ष दुसरी नाही, आणि ती तुमच्याकडे कागदावर आहे. ते कार्ड सासूबाईंना दाखवा, भांडायला नाही, समजावून सांगायला. त्यांचंही म्हणणं सगळंच चुकीचं नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एका बाळंतपणानंतर पुन्हा गरोदर राहण्याआधी किमान 24 महिने जाऊ द्यावेत. तुमच्या मुलीनंतर साधारण 12 महिन्यांनीच दिवस गेले. अशा वेळी आईचं रक्त कमी राहतं, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याची भीती वाढते. ती भीती खरी होती. ती तुमच्या बाबतीत प्रत्यक्षात आली नाही. आणि पाठीला पाठ लागते तेव्हा खरा फटका पुष्कळदा येणाऱ्या बाळाला नाही, आधीच्या बाळाला बसतो. दिवस गेले म्हणून त्याचं अंगावरचं पिणं लवकर तोडलं जातं आणि आईचं लक्ष विभागतं. तुमच्या घरात ते बाळ म्हणजे मुलगी. तिच्याकडे मी पुढे येतेच.

आता नऊ सेंटिमीटर. हिशेब मांडू.

आधी आईवडिलांवरून मुलाची अपेक्षित उंची काढायची. दोघांच्या उंचीची बेरीज करायची, मुलगा असेल तर त्यात 13 मिळवायचे, मुलगी असेल तर 13 वजा करायचे, आणि निम्मे करायचे. तुमचे 153 आणि तुमच्या मिस्टरांचे 167 मिळून 320. मुलग्यांसाठी 333 चे निम्मे, 166.5. त्याच्या वर-खाली साडेआठ सेंटिमीटरपर्यंत गेलं तरी ते सामान्यच, म्हणजे 158 ते 175. आता बघा, या मापाने वेगळा कोण आहे? थोरला. तो या अपेक्षित उंचीपेक्षा साडेपाच सेंटिमीटर वर गेला. ते त्याचं नशीब, छान आहे. पण आपण सगळे त्यालाच मोजपट्टी समजून धाकट्याला तिच्याशी लावतो आहोत. पहिलं मूल अपेक्षेपेक्षा उंच निघालं की पुढची बहुधा त्याच्यापेक्षा कमीच भरतात, जन्मक्रम काहीही असो. कारण ती आईवडिलांवरून काढलेल्या अपेक्षित उंचीच्या जवळ जातात. तुमचा पहिला मुलगा 160 वर थांबला असता, तर आज हाच धाकटा तुम्हाला उंच वाटला असता.

दुसरी गोष्ट म्हणजे वयात येण्याची वेळ. साधारण वेळेला वयात येणारा मुलगा पावणेतेराच्या सुमाराला आपल्या अंतिम उंचीच्या 86-87 टक्के झालेला असतो. थोरला तेव्हा 153 होता आणि आज 172, म्हणजे त्याने तोवर 89 टक्के गाठले होते. आवाज फुटला होता, उंचीची मोठी उसळी सुरू होऊन गेली होती. तो साधारण वेळेला वयात आला असता तर त्याची खूण 153 वर नाही, 149 च्या आसपास लागली असती. नऊपैकी चार सेंटिमीटर इथेच संपले: तो फक्त घाईत होता. उरलेले पाच म्हणजे तो मुळातच उंच निघाला तो भाग. आणि जन्मक्रमाचे ते 0.7 सेंटिमीटर धरायचेच, तर ते या पाचात कुठेतरी असतील. 

आता धाकट्याचे 144 घेऊन 86-87 टक्क्यांनी भागलं तर अंतिम उंची 165 ते 167 येते. आईवडिलांवरून आपण 166.5 काढली होती. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचलो. हा अंदाज आहे, दोन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे होईल. तो उशिरा वयात आला तर पुढे जास्त वाढ शिल्लक राहील आणि आकडा वर जाईल. पण यात आजाराची खूण कुठेही नाही. त्याहून दिलासा देणारा आकडा तुम्हीच लिहिला आहे: गेल्या पाडव्यापासून यंदापर्यंत पाच सेंटिमीटर. वयात येण्याआधी मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. मूल किती उंच आहे यापेक्षा ते वर्षाला किती वाढतं आहे, हे आम्ही डॉक्टर आधी बघतो.

पावडर आणू नका. तिच्यात साखर, दूध भुकटी आणि थोडी जीवनसत्त्वं असतात. ज्या मुलाची वाढ नीट चालू आहे त्याची हाडं तिने लांब होत नाहीत. लोखंडी बारला लटकूनही होत नाहीत. तेवढ्या पैशांत रोज घरी अंडी, दूध, शेंगदाणे, डाळ येईल, आणि भाकरीबरोबर शेंगाची चटणी तर आपल्याकडे आहेच. वाढत्या पोराला एवढं सगळं पुरे. झोप मात्र सांभाळा. मागांचा खडखडाट रात्री उशिरापर्यंत चालत असेल तर मुलांचं अंथरूण लांबच्या खोलीत घाला.

आता मुलगी. ‘तिचं काही नाही’ असं तुम्ही लिहिलंत. उंचीच्या बाबतीत ते बरोबर आहे. तिची अपेक्षित उंची 307 चे निम्मे, 153.5, आणि ती 154 वर पोहोचली आहे. पाळी सुरू होऊन दोनेक वर्षं झाली असतील तर आता ती फार वाढणार नाही. पाळी आल्यानंतर मुली साधारण पाच ते सात सेंटिमीटरच वाढतात. पण मला तिच्या उंचीपेक्षा तिच्या ताटाबद्दल आणि रक्ताबद्दल विचारायचं आहे. दोन भावांच्या मधली मुलगी. अंडी उकडली तर तिला किती मिळतात? दुधाचा पेला तिघांना भरतो की दोघांना? मी तुमच्यावर आरोप करत नाही, तुम्हाला ओळखतही नाही. पण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के रक्तक्षयाच्या आढळल्या, आणि रक्तक्षय चौकटीवर दिसत नाही. तिचं हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या; सरकारी दवाखान्यात सहज होतं. 12 च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या लागतील. गोळी चहाबरोबर नाही, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायची; शौचाला काळी होईल, घाबरू नका. आणि जंतांची गोळी तिघांनाही द्या, शाळेत मिळाली नसेल तर. पुढे हीच मुलगी आई होईल तेव्हा तिच्या पहिल्या बाळाचं वजन तिच्या आजच्या ताटापासून ठरायला सुरुवात झालेली आहे. तुमच्या घरात तीन मुलांच्या उंचीत जे शोधताय त्याचा धागा मला तिच्याकडे जास्त जाताना दिसतो.

आता धाकट्याचं पुढे कसं बघायचं. पाडव्याची खूण ठेवा, पण वर्षातून एकदा पुरेशी नाही. दर सहा महिन्यांनी मोजा, आणि दर वेळी सकाळीच. चपला-मोजे काढून, टाचा, कुल्ले आणि पाठीचे खवाटे भिंतीला टेकवून उभं करा. हनुवटी वर नाही, खाली नाही. डोळ्याचा खालचा काठ आणि कानाचं छिद्र एका सरळ रेषेत यायला हवं. डोक्यावर जाड पाठ्यपुस्तक काटकोनात दाबून धरा, म्हणजे त्याचा एक कडा भिंतीला पूर्ण टेकेल. मुलीची वेणी मोजताना सोडायला सांगा. तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा. हातातलं पुस्तक तिरकं झालं तर सहज एक सेंटिमीटरची चूक होते, आणि सहा महिन्यांची वाढ अडीच सेंटिमीटरच असते, म्हणून एवढी काटेकोरी.

डॉक्टरकडे कधी जायचं ते सांगते. वर्षभरात चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ झाली आणि तो अजून वयात येऊ लागलेला नसेल, तर. उंची अडली आणि वजनही घटायला लागलं, वारंवार जुलाब, पोट फुगणं असेल, तर. त्यात सीलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन आतड्याला न सोसण्याचा आजार निघू शकतो. उंची अडली पण वजन वाढतंय, थंडी जास्त वाजते, शौचाला कडक होते, सुस्त असतो, तर थायरॉइड बघायला हवं. आणि 14 वर्षं पूर्ण झाली तरी अंडकोष मोठे होण्यासारखी वयात येण्याची पहिली खूण दिसली नाही, तर. मुलगे हे आईला सांगायला लाजतात, मिस्टरांना विचारायला सांगा. अशा वेळी वडिलांनीच बोलावं. मिस्टरांची दाढी-मिशी उशिरा आली होती का, तेही विचारा. उशिरा वयात येणं घराण्यात असतं, आणि तसं असेल तर मुलाची खूण अजून काही वर्षं मागे दिसेल आणि मग एकदम भरून येईल.

डॉक्टर कदाचित डाव्या मनगटाचा एक्स-रे काढायला सांगतील. त्यात हाडांचं वय कळतं. पावणेतेरा वर्षांच्या मुलाचं हाडांचं वय साडेअकराच दाखवलं, तर त्याच्यापुढे वाढायला जास्त वर्षं शिल्लक आहेत असा अर्थ. तुमच्या धाकट्याला आज त्याची गरज नाही. जाताना मात्र त्या चौकटीवरचे सगळे आकडे, प्रत्येक वर्षाचे, तारखांसह वहीत उतरवून न्या. पाच वर्षांची वाढ हातात असलेली आई आली की डॉक्टरचं अर्धं काम झालेलं असतं. बहुतेक आया फक्त आजची उंची घेऊन येतात आणि मग आम्हाला सहा महिने थांबावं लागतं.

पुढच्या वेळी एप्रिलच्या शेवटी मोजा, शाळेच्या परीक्षा संपल्यावर. 146 च्या वर असेल तर निश्चिंत राहा. 145.5 किंवा त्याहून कमी आली तर आधी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा, आणि तरीही तेवढीच असेल तर वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा.